उत्तर: दिवस वाढतील की घटतील?

> कात्रजला १२ मजूर रोज ८ तास राबून १० दिवसांत १२० मीटर भिंत बांधतात. १५ मजूर, रोज ६ तास, १८० मीटर, तर दिवस किती? कोणता अपूर्णांक उलटा करायचा तेच कळत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलली असं धरा आणि दिवसांचं काय होईल ते बघा. मजूर वाढले, दिवस घटतील: १२/१५. तास घटले, दिवस वाढतील: ८/६. भिंत लांबली, दिवस वाढतील: १८०/१२०.

१० × १२/१५ × ८/६ × १८०/१२० = १६ दिवस.

बहुतेक जण तास कमी दिसले की ६/८ लिहितात आणि उत्तर ९ येतं. ते पडताळा: १५ × ६ × ९ = ८१० मजूर-तास. पहिल्या, आखूड भिंतीलाच ९६० लागले होते!