भारतीय वाहन परवाना जर्मनीत बदलून घेताना: अनुभव लिहा

कोथरूडची_मैना: पुण्याहून जर्मनीला जाणाऱ्यांचा ओघ वाढलाय, आणि परवान्याचे प्रश्न त्याच-त्याच वळणावर अडतात. भाषांतर, डोळ्यांची तपासणी, परीक्षा याबद्दल ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी लिहावं. "खूप सोपं आहे हो" एवढंच लिहू नका.

संगमपूल: निघायच्या आधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढा, ते वर्षभर चालतं. म्हणजे वर्षभर घाई नाही.

म्युनिक_ते_मगरपट्टा: अर्धं बरोबर. परमिटवर वर्षाची मुदत असते, पण तिथे राहायला गेलेल्या माणसाला भारतीय परवान्यावर सहाच महिने गाडी चालवता येते. परमिट त्या परवान्याचं सोबतचं पान आहे, ते मुदत वाढवत नाही. समजा तिथे राहायला गेलात आणि पत्त्याची नोंदणी केलीत, दोन्ही १० मार्चला. सहा महिने १० सप्टेंबरला भरतात. ११ ला गाडी काढलीत तर ती विनापरवाना चालवणं, म्हणजे फौजदारी गुन्हा, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही पैसे मागू शकते. एकूण मुक्काम वर्षभराच्या आतच संपणार असल्याचं पटवून दिलं तरच मुदत आणखी वाढवून मिळू शकते.

आता मागे मोजा. अर्जाची छाननी मोठ्या शहरात दोन महिनेही घेते. मग लेखी, मग प्रत्यक्ष परीक्षा, त्यात एकदा नापास. म्हणून एप्रिलमध्येच फ्युररशाइनश्टेलेत, म्हणजे परवाना कचेरीत, अर्ज पडायला हवा.

औंध_आणि_पुढे: अर्जाला काय लागतं ते सांगते. पासपोर्ट, नोंदणीचा कागद, बायोमेट्रिक फोटो, मूळ परवाना, भाषांतर, डोळ्यांचा दाखला, प्रथमोपचाराच्या कोर्सचं प्रमाणपत्र. हा कोर्स ४५ मिनिटांच्या नऊ तासिकांचा असतो, एका दिवसात उरकतो. डोळे चष्म्याच्या दुकानातही तपासून मिळतात. दाखला दोन वर्षं चालतो. दोन्ही डोळ्यांना प्रत्येकी ०.७ हवं, चष्मा लावून चालतं. मात्र तसं असेल तर परवान्यावर ०१ पासून सुरू होणारा आकडा येतो आणि चष्म्याशिवाय चालवणं बंद.

भाषांतर पुण्यातून करून न्यायचा मोह होतो. डेक्कनवर चांगले जर्मन भाषांतरकार मिळतात, पण कचेरीला बहुधा जर्मन न्यायालयाने शपथ दिलेल्याचा किंवा एडीएसी या मोटार संघटनेचा शिक्का हवा असतो. भाषा उत्तम असूनही कागद परत येतो. आधी ईमेलने विचारून घ्या, प्रत्येक कचेरीचं वेगळं असू शकतं.

एमएच१४: मी लंडनला चाललोय. तिथेही भाषांतर लागेल का?

म्युनिक_ते_मगरपट्टा: तुमचा परवाना इंग्रजीतच आहे, भाषांतर कशाला? तिथे बारा महिने चालतं, पण बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल काढून दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. इथे विषय जर्मनीचा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: कार्डावरची तारीख. परवाना जर्मनीत राहायला जाण्याआधी मिळालेला असायला हवा. सुट्टीत येऊन नूतनीकरण केलंत किंवा हरवलं म्हणून दुय्यम प्रत घेतलीत, की वर नवी तारीख छापली जाते आणि कर्मचाऱ्याला वाटतं, हा तर इथे आल्यावर काढलाय. कार्डावर पहिल्या वितरणाची तारीख आहे का पाहा आणि ती भाषांतरातही आली पाहिजे. नसेल तर परिवहनच्या सारथी पोर्टलवरून डीएल एक्स्ट्रॅक्ट काढून त्याचंही भाषांतर करा. आडनाव-नाव-वडिलांचं नाव यांचा क्रम पासपोर्टशी जुळत नसेल तर तेही अर्जातच स्पष्ट करा.

पौड_रोड: लेखी परीक्षा जर्मनमध्येच ना? मग तर संपलंच.

औंध_आणि_पुढे: नाही, इंग्रजीत देता येते. हिंदी-मराठीत नाही. ३० प्रश्न, दहा चूक-गुणांपर्यंत चालतं. पण प्राधान्यासारख्या पाच गुणांच्या दोन चुका झाल्या की नापास, मग बेरीज दहाच असली तरी. भारत थेट अदलाबदलीच्या यादीत नसल्याने दोन्ही परीक्षा आहेत. सक्तीचे तास मात्र माफ. तरी ड्रायव्हिंग स्कूल लागतंच, कारण परीक्षेला गाडी त्यांची आणि शेजारी शिक्षक त्यांचा.

आपल्याकडची माणसं पडतात ती दोन ठिकाणी. वस्तीतल्या चौकात फलक नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपण सवयीने हॉर्न देऊन पुढे जातो. दुसरं, वळताना आरशावर भागवतो. खांद्यावरून मान वळवून पाहिलं नाही तर परीक्षक लिहून घेतो. शिक्षकाला हे दोन्ही खास घोटून घ्यायला सांगा.

पौड_रोड: आणि ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर?

म्युनिक_ते_मगरपट्टा: नुसती ऑटोमॅटिकवर दिली तर परवान्यावर ७८ आकडा येतो आणि गिअरची गाडी बंद. २०२१ पासून १९७ चा पर्याय आहे: स्कूलमध्ये गिअरच्या गाडीवर किमान दहा तास आणि पंधरा मिनिटांची चाचणी. पण सक्तीचे तास माफ असलेल्यांना तो कसा लावायचा, यावर दोन स्कूल दोन उत्तरं देतात. कुणी यातून गेलं असेल तर लिहा.

कोथरूडची_मैना: आणि जुना परवाना ते ठेवून घेतात, हे खरं का?

औंध_आणि_पुढे: हो, नवा हातात देताना. आधी दोन्ही बाजूंचा रंगीत स्कॅन काढून ठेवा.