पर्सनल लोन मुदतीआधी बंद करायचंय: चार्जेस, क्लोजर लेटर, नो ड्यूज (मदत हवी आहे)

वैतागलेला_हप्तेवाला:
चार लाखांचं पर्सनल लोन आहे, १४ टक्के, ४८ महिने. हप्ता १०,९३१, दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून कापला जातो. २० हप्ते झालेत. भिशी लागली आणि थोडा बोनस आला, म्हणून एकदाचं मिटवून टाकावं म्हणतोय. बाकी मुद्दल साधारण २,५९,८०० दाखवतंय. फोरक्लोजर चार्ज ४ टक्के अधिक जीएसटी, असं शाखेतून सांगितलं. एवढं भरून काही उरतं का? आणि बंद केल्यावर कोणते कागद मागायचे?

कोकणचा_राजा:
चार्ज कसला देताय? आरबीआयने सगळ्या कर्जांवरचे प्रीपेमेंट चार्ज बंद केलेत. भांडा.

जुनी_खातेवही:
राजे, वैयक्तिक कारणासाठी घेतलेलं फ्लोटिंग दराचं कर्ज असेल तर तुमचं बरोबर. पण पर्सनल लोन बहुतेक वेळा फिक्स्ड दराचं असतं, तिथे करारात लिहिलेला चार्ज लागतो. म्हणून आधी सँक्शन लेटर काढून बघा. शाखेतला माणूस तोंडी काय सांगतो त्यावर जाऊ नका.

आता हिशेब. ४ टक्के म्हणजे १०,३९२. त्या चार्जवर १८ टक्के जीएसटी १,८७१. एकूण १२,२६३. उरलेले २८ हप्ते भरत बसलात तर व्याज जातं साधारण ४६,२५०. म्हणजे ३४ हजारांच्या आसपास वाचतात. हेच पैसे एफडीत ठेवले असते तर थोडं व्याज मिळालं असतं, ते वजा धरा. तरी बंद करणंच फायद्याचं. हेच शेवटचे सहा हप्ते राहिले असताना केलं असतं तर उरलेलं व्याज २,६०० आणि चार्ज जवळपास ३,०००. तेव्हा गप हप्ते भरायचे.

पुणेरी_काकू:
आमच्या घराच्या कर्जाचे मूळ कागद मिळायला दीड महिना लागला होता. उशीर झाला तर दिवसाला पाच हजार द्यावे लागतात म्हणे, ते मागा!

जुनी_खातेवही:
काकू, तो नियम गहाण ठेवलेल्या मालमत्तेच्या कागदपत्रांचा. ह्यांनी काही गहाण ठेवलेलंच नाही.

हप्तेवाले, खरी मेख पैसे भरण्यात आहे. आधी फोरक्लोजर स्टेटमेंट मागवा. त्यावर मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज, चार्ज, जीएसटी आणि स्टेटमेंट कधीपर्यंत चालेल ती तारीख असते. तुमच्या रकमेवर दिवसाला सुमारे १०० रुपये व्याज चढतं. १८ पर्यंतचं स्टेटमेंट घेऊन २० ला भरलंत तर दोनशे रुपये बाकी राहतात आणि कर्ज चालूच राहतं. दुसरं, लोन अकाउंटला नुसतं एनईएफटी मारू नका. ते आगाऊ हप्ता म्हणून जमा होऊ शकतं. फोरक्लोजरची विनंती नोंदवून, त्यांनी सांगितलेल्या मार्गानेच भरा आणि पावती ठेवा. तिसरं, हप्त्याच्या तोंडावर भरू नका. हप्ता आपोआप कापायला दिलेल्या NACH मँडेटची फाइल आधीच गेलेली असते.

वैतागलेला_हप्तेवाला:
धन्यवाद. क्लोजर लेटर आणि नो ड्यूज हे दोन वेगळे कागद का?

जुनी_खातेवही:
काही ठिकाणी एकच कागद देतात, काही ठिकाणी दोन. नाव काहीही असो, मजकूर बघा: लोन अकाउंट नंबर, बंद झाल्याची तारीख, आणि काहीही येणं बाकी नाही हे वाक्य. तिन्ही हवेत. महिन्याभराने सिबिलचा रिपोर्ट काढा, तिथे 'Closed' दिसलं पाहिजे. 'Settled' दिसलं तर लगेच लेखी तक्रार करा. त्याचा अर्थ तुम्ही पूर्ण पैसे दिलेच नाहीत, तडजोड केली, असा होतो.

रात्रपाळी:
कर्जासोबत विमा चिकटवला होता का? माझ्याकडून एकरकमी हप्ता कर्जातूनच कापला होता. बंद करताना अर्ज दिला, उरलेल्या काळाचे थोडे पैसे परत आले. पॉलिसीचा कागद बघा.

वैतागलेला_हप्तेवाला:
विमा आहे खरा, साडेसहा हजारांचा. कागद शोधतोय, बायको म्हणते रद्दीत गेला.

*(नऊ दिवसांनी)*

वैतागलेला_हप्तेवाला:
खातेवही, ऐकायला हवं होतं. ३ तारखेला पैसे भरले, ॲपवर कर्ज 'Closed' दिसलं, आणि ५ ला १०,९३१ कापले गेले! शाखा म्हणते आपोआप परत येतील. नो ड्यूज ईमेलवर आलं, पण त्यात बंद झाल्याची तारीखच नाही.

जुनी_खातेवही:
आपोआपवर विसंबू नका. पावती, नो ड्यूज आणि ५ तारखेचं पासबुकचं पान जोडून तक्रार टाका, तक्रार क्रमांक घ्या. तारीख घातलेलं पत्रही त्याच मेलमध्ये मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. आणि मँडेट रद्द करायला आपल्या बँकेला सांगा, नाहीतर पुढच्या ५ ला परत हेच.

वैतागलेला_हप्तेवाला:
तक्रार टाकली. विम्याचा कागद अजून सापडला नाही. पॉलिसी नंबर नसताना डुप्लिकेट कसा काढायचा, कुणी काढलाय का?