मदत हवी आहे: बाबांचा आवाज आठवेनासा झालाय. तो पुसला गेला का?

सांजसावली

बाबांना जाऊन अडीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका रात्री झोप येत नव्हती, म्हणून डोळे मिटून त्यांची हाक आठवायला गेले, तर आवाज आलाच नाही. चेहरा दिसला, ओठ हलताना दिसले, शब्दही ठाऊक होते, पण मनात जे ऐकू येत होतं ते माझ्याच आवाजात. तेव्हापासून रोज प्रयत्न करते आणि रोज तेच होतं.

उलट रुग्णालयातले शेवटचे अकरा दिवस अगदी बारीकसारीक आठवतात. खाटेच्या लोखंडी दांड्यावरचा उडालेला रंगसुद्धा. त्याआधीची तीस-बत्तीस वर्षं मात्र धूसर. त्यातले तीन-चार प्रसंग तेवढे सारखे वर येतात, बाकी काहीच नाही.

माझ्याकडे त्यांचा एकच ध्वनिसंदेश आहे, चौदा सेकंदांचा. तो मी अजून ऐकलेला नाही. आठवण दर वेळी काढली की ती थोडी बदलते असं कुठेतरी वाचलं होतं, आणि भीती वाटते की हा एक संदेश ऐकला तर उरलेसुरले बाबाही त्या चौदा सेकंदांत आटून जातील.

आवाज खरंच गेलाय का? शेवटचे दिवसच इतके ठळक का? आणि तो संदेश ऐकू की नको? या विषयातलं कुणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

खारीचा_वाटा

ताई, काळजी करू नका. मेंदूतून काहीही जात नाही. सगळं आत साठवलेलं असतं, फक्त वाट सापडत नाही. पेनफिल्ड नावाच्या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श केला, तर त्यांना जुनी गाणी आणि घरच्यांचे आवाज जसेच्या तसे ऐकू आले होते. म्हणजे बाबांचा आवाज तुमच्या आत पूर्णच्या पूर्ण आहे. शांत बसून प्रयत्न करत राहा, येईल.

घोकंपट्टी_नको

मलाही अगदी हाच त्रास आहे. रात्री पाठ केलेलं सकाळी कोरं. दोन महिन्यांवर परीक्षा आहे. स्मरणशक्तीसाठी काही औषध किंवा गोळी असेल तर इथेच सांगा, म्हणजे ताईंनाही उपयोग होईल.

सांजसावली

@घोकंपट्टी_नको, माझा प्रश्न पाठांतराचा नाही हो. बाबांबद्दल विचारतेय. पण तुम्हालाही कुणी उत्तर दिलं तर आनंदच आहे.

मज्जारज्जू

स्मृती कशी टिकते यावर प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम करते आहे. डॉक्टर नाही, हे आधी सांगते. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस विचार करत होते.

आधी आवाजाचं. आठवणं आणि ओळखणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. रात्री अंधारात डोळे मिटून तुम्ही पहिलं, म्हणजे अवघड काम करत होतात. बाहेरून काहीही इशारा नसताना आवाज आतून उभा करायचा होता. हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी 1975 साली जवळपास चारशे लोकांना त्यांच्या शाळेतल्या वर्गमित्रांबद्दल विचारलं. नुसती नावं आठवून लिहायला सांगितली तेव्हा फारच थोडी आली. अनोळखी चेहऱ्यांत मिसळलेली वर्गमित्रांची छायाचित्रं दाखवली तेव्हा शाळा सोडून पस्तीस वर्षं झालेल्यांनीही दहातली नऊ ओळखली. त्यामुळे हाक मनात उमटत नाही एवढ्यावरून आवाज पुसला गेला असं ठरवता येत नाही. आवाज ऐकल्यावर ओळखू येतो का, ही खरी कसोटी, आणि ती तुम्ही अजून घेतलेलीच नाही.

आता शेवटचे अकरा दिवस. एखादा प्रसंग घडतो तेव्हा त्यातलं दृश्य, आवाज, वास मेंदूच्या वरच्या थरात वेगवेगळ्या ठिकाणी नोंदले जातात, आणि हे तुकडे एकाच प्रसंगाचे आहेत ही गाठ हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या आतला भाग बांधतो. ती गाठ सुरुवातीला कच्ची असते. पेशींमधले जोड काही तासांपुरते बळकट होतात. ते टिकायचे तर पेशीला नवी प्रथिनं तयार करावी लागतात. मग झोपेत आणि निवांत जागेपणीही तोच प्रसंग हिप्पोकॅम्पस पुन्हा पुन्हा चालवतो, तेव्हा कुठे तो हळूहळू वरच्या थरात रुजतो. बहुतेक दिवस इथवर पोचतच नाहीत. काल दुपारी दाराशी नेमकं काय बोलणं झालं हे जपून ठेवायला मेंदूला काही कारण नसतं, आणि एकसारखे हजार दिवस एकमेकांत मिसळून त्यांचा नुसता अर्क उरतो. ‘बाबा दार वाजवून मगच आत यायचे’ हे कळतं, पण त्यातली एकही वेळ वेगळी आठवत नाही.

रुग्णालयात उलटं घडतं. भीतीने अंगात ताणाची रसायनं उसळतात, भीतीची दखल घेणारा मेंदूतला भाग, अमिग्डला, जागा होतो आणि हिप्पोकॅम्पसला रेटा देतो. त्या दिवसांची गाठ पहिल्याच फटक्यात घट्ट बसते. वर तुम्ही अडीच वर्षं तेच दिवस उगाळले असणार, म्हणजे ती रोज आणखी आवळली गेली. त्यातला एक भाग लोकांना सहसा ठाऊक नसतो. एकाच माणसाच्या काही आठवणी पुन्हा पुन्हा काढल्या की शेजारच्या, न काढलेल्या आठवणी हाती लागणं आणखी कठीण होतं. तुमचे ते ‘तीन-चार प्रसंग’ बाकीच्यांच्या आड उभे असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

@खारीचा_वाटा, वाट हरवते हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण पेनफिल्डच्या रुग्णांपैकी फार थोड्यांना असे अनुभव आले, आणि ते जुन्या आठवणीच होत्या की त्या क्षणी मेंदूने रचलेलं काही, हे तपासायला मार्ग नव्हता. पेशींमधले जोड खरोखर विरतात, मोडतातही. काही गोष्टी जातात, हे त्यांना सांगायलाच हवं. आणि नुसतं प्रयत्न करत राहून तर दर वेळी अपयशाचीच उजळणी होईल.

@घोकंपट्टी_नको, गोळी नाही. पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारा, एक दिवस सोडून पुन्हा विचारा, आणि रात्रीची झोप कापू नका.

सांजसावली

तुमचं उत्तर तीनदा वाचलं. खूप आभार. पण संदेशाचं राहिलं. ऐकल्याने आठवण बदलते हे खरं आहे का?

मज्जारज्जू

मुद्दाम वेगळं लिहायला ठेवलं होतं. या कल्पनेला जोर आला तो 2000 सालच्या उंदरांवरच्या प्रयोगाने. करीम नादर, ग्लेन शाफ आणि जोसेफ लेदू यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच अमिग्डलात प्रथिनं बनणं थांबवणारं औषध सोडलं. भीती गेली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर भीती जशीच्या तशी राहिली, आणि ऐकवल्यानंतर सहा तासांनी दिलं तरीही राहिली. याचा अर्थ आठवण वर काढली की काही तास ती पुन्हा ओली होते आणि तिला नव्याने सुकावं लागतं. त्या वेळात तिच्यात नवं काही मिसळू शकतं.

माणसांत हे किती आणि केव्हा होतं यावर आमच्यात अजून वाद आहेत. खूप जुन्या, पक्क्या आठवणी सहज ओल्या होत नाहीत असं दाखवणारे प्रयोगही आहेत. शिवाय तुमच्या उंबरठ्यावर औषध घेऊन कुणी उभं नाही. मिसळणार आहे तो बाबांचाच खरा आवाज.

तरी तुमची भीती अगदीच निराधार नाही. फक्त हाच संदेश रोज ऐकलात तर तो सगळ्यात सोपी वाट होईल आणि बाकीचं मागे पडेल. म्हणून मी असं सुचवेन. ऐकण्याआधी त्यांच्या बोलण्याबद्दल जे आठवतं ते तारीख घालून लिहून काढा. चुकीचं असलं तरी चालेल, ते आजचं आहे. भावंडं असतील तर त्यांनाही लिहायला सांगा, पण एकमेकांना वाचून न दाखवता. एकदा एकत्र बसून बोललात की कुणाची आठवण कोणती, हे नंतर वेगळं करता येत नाही. मग ऐका, आणि ऐकताना जे नवं सुचेल ते लगेच त्याखाली लिहा.

जुनी_वही

मी सहसा इथे लिहीत नाही, पण राहवलं नाही. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. एकवीस वर्षांनी मावशीकडे तिच्या आवाजाची कॅसेट सापडली. मी ओळखलंच नाही. ‘ही कोण बोलतेय?’ असं मीच विचारलं. त्यामुळे ऐकलं की ओळख पटतेच असं समजून जाऊ नका. मनाची तयारी ठेवून ऐका, एवढंच सांगायचं होतं.

मज्जारज्जू

हे लिहिलंत ते बरं झालं. माझ्या उत्तरातून जास्त खात्री वाटली असेल तर ते चुकलं. जुन्या कॅसेटचा वेग जरा कमी-जास्त झाला तरी आवाजाची पट्टी बदलते, हे एक कारण असू शकतं. दुसरं असं की नवव्या वर्षानंतर तो आवाज तुम्हाला एकदाही ऐकायला मिळाला नाही, आणि वापराविना ओळखसुद्धा झिजते. यातलं तुमच्या बाबतीत कोणतं, हे मी इथून सांगू शकत नाही. कॅसेट वेग तपासून ऐकता आली तर बघा, पण तुमची इच्छा असेल तरच.

जुनी_वही

वेगाचा विचार कधीच केला नव्हता. मावशीला विचारतो.

सांजसावली

बारा दिवसांनी लिहितेय. दादाला आणि मला चार-चार पानं लिहायला आठवडा लागला. काल संध्याकाळी दोघांनी मिळून संदेश ऐकला.

शब्द सुरू व्हायच्या आधी बाबा खाकरतात. त्या खाकरण्यालाच ओळखलं, एक शब्दही ऐकायच्या आत. माझ्या चार पानांत खाकरण्याचा कुठेही उल्लेख नव्हता, दादाच्याही नाही. आणि त्याबरोबर एकदम दार आठवलं. आधी खाकरायचे, मग बोटाच्या पेरांनी टकटक, मग ‘येऊ का गं?’ मी अभ्यासाला बसलेली असायचे तेव्हाचं. हे मी वर्षानुवर्षं काढलेलंच नव्हतं. लगेच लिहिलं.

रात्री डोळे मिटून पुन्हा हाक आठवून पाहिली. पूर्ण आली नाही. ‘येऊ का गं’मधला ‘गं’ तेवढा त्यांचा वाटला, बाकी अजून माझाच आवाज.

पानं अदलाबदल करून वाचली तर दादाने लिहिलंय की ते तीनदा टकटक करायचे. मी दोनदा लिहिलंय, आणि मला अगदी खात्री आहे. त्यालाही आहे. आता यातलं खरं कोणतं हे कळायला काही मार्ग आहे का?

मज्जारज्जू

नाही. खात्री वाटणं हा पुरावा नसतो, दोघांच्याही बाबतीत. कदाचित तुमच्या दारावर दोनदा आणि त्यांच्या दारावर तीनदा वाजत असेल. दोन्ही पानं आहेत तशीच ठेवा, दुरुस्त करू नका.

सांजसावली

ठेवली आहेत. आईने अजून लिहिलेलं नाही. तिला आमची पानं दाखवलेली नाहीत. ती रविवारी लिहायला बसणार आहे.