वहीतले आकडे तपासा

“आजोबांच्या आडतीच्या वहीचा फोटो काढून मजकूर मिळवला, पण ‘भाव’चा ‘माव’ झालाय. असं का?”

परभणीकडच्या जुन्या वह्यांत हे फार दिसतं. भ आणि ध यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. घाईत ती सलग ओढली, किंवा वहीची छापील ओळच शिरोरेषा धरली गेली, की भ चा म आणि ध चा घ होतो. ‘धर’चं ‘घर’ झालं तर शुद्धलेखन तपासूनही सापडत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

त्याहून घातक म्हणजे १ आणि ९. सोयाबीन ‘१ क्विंटल, भाव ४२००, रक्कम ३७,८००’ असं आलं, तर भागाकार करा: ३७,८०० भागिले ४२०० म्हणजे ९. आकडे असे गुणाकार-भागाकारानेच पडताळा, नुसत्या नजरेवर सोडू नका.