शब्दचर्चा : अंतरपाट, अक्षता आणि नेमका मुहूर्त

मैत्रेयी
मावसबहिणीच्या पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३१ मिनिटांचा आहे. तेव्हा मंगलाष्टकं सुरू व्हायची की संपायची? आणि अंतरपाट शब्दात पाट कुठून आला? धरतात तर कापड.

रानवारा
मंगलाष्टकं सुरू झाली की मुहूर्त लागला. पाट म्हणजे नवरा-नवरी उभे राहतात तो.

भिक्षुकाचा नातू
उलट आहे. १२:३१ ही अंतरपाट दूर होण्याची वेळ. एक कडवं चालीत म्हणायला मिनिट-सव्वा मिनिट लागतं, म्हणजे आठांना साधारण दहा मिनिटं. म्हणून आजोबा १२:२० लाच सुरू करायचे. शेवटचं ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ हातचं राखून ठेवायचे आणि घड्याळ पाहून म्हणायचे. या श्लोकातलं ‘लग्न’ म्हणजे विवाह नव्हे, तर त्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास. ती वेळ साधायची म्हणून ‘लग्न लागलं’ म्हणतात.
अंतरपाटातल्या पाटाचा लाकडी पाटाशी संबंध नाही. संस्कृतात अंतःपट, म्हणजे मधलं वस्त्र.

रानवारा
पट असेल तर पाट का झाला? नदीचं पात्र, कालवा यांनाही पाट म्हणतात. मला पटलं नाही.

भिक्षुकाचा नातू
उच्चार का लांबला ते मलाही सांगता येणार नाही. जुन्या लोकांच्या तोंडी अंतरपट हा शब्दही ऐकलाय.

सुगरण
आमच्याकडे अक्षत म्हणजे आमंत्रण! पहिली अक्षत गणपतीला, मग कुलदेवतेला. तुमच्याकडे कोणाला देतात?

मैत्रेयी
मी डोक्यावर टाकतो त्या अक्षतांचं विचारत होते, पण हेही कळलं ते बरं झालं.

भिक्षुकाचा नातू
शब्द एकच. अ-क्षत, न तुटलेला. म्हणून अखंड तांदूळ घ्यायचे, कणी नाही. आमंत्रणाला जाताना तेच कुंकू लावलेले तांदूळ देतात. ‘वाटाण्याच्या अक्षता’ लावल्या की मात्र काम झालं नाही असं समजायचं.

सुगरण
कुंकवात पाणी जास्त झालं की तांदळाचे गोळे होतात आणि शालूवर डाग पडतात. नुसता हात ओला करून चोळा आणि ताटात पसरून वाळवा. माझ्या भाचीच्या लग्नात ते राहिलं, आता फोटोत शालूवर लाल ठिपके आहेत.

रानवारा
आमच्याकडे प्रत्येक ‘सावधान’ला अक्षता टाकतात. शेवटच्याला हात रिकामा!

भिक्षुकाचा नातू
थोड्या राखायच्या. खरी घोटाळ्याची गोष्ट वेगळीच आहे. आत्या, मामी सगळ्यांनी स्वतः रचलेली कडवी आणली की आठाची अकरा होतात. एका लग्नात माइक सुटेना, अंतरपाट १२:४० ला निघाला. आजोबांनी आधी सांगितलं होतं : घरच्यांची कडवी सुरुवातीला घ्या, शेवटचा श्लोक गुरुजींकडे ठेवा.

मैत्रेयी
मग १२:४० ला लागलेलं लग्न मुहूर्तावरचं धरायचं का?

भिक्षुकाचा नातू
आजोबा म्हणायचे चालतं, पुढे सप्तपदी आहेच. कायद्यातही, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. माझे काका मात्र नाही म्हणतात.

रानवारा
मग हार घालायची घाई कशाला करतात?