दारातली वाळूची पोती

«कळव्यात तळमजल्यावर राहतो. दारात पोती रचली तरी पाणी आत येतंच. काय करावं?»

पोती गच्च भरली असतील. गच्च पोतं दबत नाही, मग दोन पोत्यांमध्ये फट उरते. निम्म्याहून थोडंच जास्त भरा, तोंड दुमडून पोत्याखाली घ्या आणि पायाने तुडवा. वरचा थर विटांसारखा सांधा मोडून रचा. पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिक लावून त्याची कड खालच्या थराखाली दाबा. थोडं झिरपेलच, आत फडकी ठेवा. फूटभराच्या वर मात्र पोत्यांवर विसंबू नका.

जोराच्या पावसात भरती असली की न्हाणीच्या जाळीतूनही पाणी उलटं येतं, एक पोतं तिथेही हवंच.

औषधं, कागदपत्रं, टॉर्च, पिण्याचं पाणी एका पिशवीत भरून उंच खुंटीला टांगा. मेन स्विच पाणी आत येण्याआधी, कोरड्या जमिनीवर उभं राहूनच बंद करा.