मदत हवी आहे: लेखाच्या फोटोवरून संपादकांना पत्र लिहितेय, सारांश नीट झालाय का?

निळी_शाई:
मैत्रिणीने वर्तमानपत्रातल्या एका लेखाचा फोटो पाठवला. मथळा आहे 'वहीला पर्याय नाही'. महाविद्यालयाच्या वर्गात टिपणं हातानेच काढावीत, लॅपटॉप बाहेर ठेवावेत, असा सूर आहे. लेख आवडला, पण एका जागी खटकला. माझ्या भाच्याला डिसग्राफिया आहे. चार ओळी हाताने लिहिल्या की अक्षर मोडतं, बोटं आखडतात. टंकायला बसला की मात्र झरझर चालतो. म्हणून संपादकांना पत्र लिहायला घेतलं. मर्यादा २०० शब्दांची आहे. कच्चा खर्डा असा:

> 'वहीला पर्याय नाही' हा लेख वाचला. लेखकांच्या मते वर्गात लॅपटॉपवर सरसकट बंदी हवी, कारण टंकणारा विद्यार्थी ऐकलेलं जसंच्या तसं उतरवत जातो. हाताचा वेग कमी, म्हणून वहीत लिहिणाऱ्याला काय टिपायचं ते निवडावं लागतं. परंतु हाताने लिहिणं ज्यांना जमतच नाही, अशा विद्यार्थ्यांचा लेखकांना विसर पडलेला दिसतो. त्यांनी वास्तवाचं भान ठेवावं, ही नम्र विनंती.

सारांश लेखाला धरून आहे का? आणि सूर तिखट वाटतोय का? फोटो खाली जोडलाय. तिसऱ्या रकान्याच्या तळाशी मैत्रिणीचा अंगठा आलाय, तेवढं चालवून घ्या.

टकटक:
फोटोतला मजकूर उचलून देणारी ॲप्स असतात. फोटो सरळ करून घ्या, जोडाक्षरं थोडी चुकतात, ती हाताने दुरुस्त करा.

निळी_शाई:
आभार, पण मला लेख टंकून काढायचा नाहीये हो. पत्राबद्दल विचारतेय.

रोखठोक:
सारांश हवाच कशाला? लेख सगळ्यांनी वाचलेला असतो. लेखकाचं एक वाक्य अवतरणात उचला आणि थेट उत्तर द्या. शब्दही वाचतील.

जुनी_खिळेजुळणी:
रोखठोक, निम्मं पटलं. सारांश दोन वाक्यांवर जाऊ नये हे खरं. पण पत्र छापून येईपर्यंत चार-पाच दिवस जातात. तोवर लेख वाचलेल्यालाही तो नीट आठवत नसतो. नुसतं एक वाक्य उचललं, तर लेखक खरंच तेवढंच म्हणाले होते की काय, हे वाचकाला कळायला मार्ग नाही.

ताई, मी बरीच वर्षं वाचकांची पत्रं निवडण्याचं काम केलंय. तुमच्या खर्ड्यातली खरी अडचण त्या अंगठ्याखाली आहे. फोटो मोठा करून तिसऱ्या रकान्याची शेवटची दिसणारी ओळ बघा: "लॅपटॉपवर सरसकट बंदी घालावी असे माझे म्हणणे". इथे पूर्णविराम नाही, वाक्य पुढे चालू आहे. तुम्ही मनातल्या मनात 'आहे' जोडलंत. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी बसतो, म्हणून तळ कापलेल्या फोटोत हमखास 'नाही'च गळतो. आता चौथ्या रकान्याची पहिली ओळ बघा: "या विद्यार्थ्यांना परवानगी असावीच." 'या' म्हणजे कोणत्या? त्यांचा उल्लेख आधी झालेला असणार, आणि दिसणाऱ्या मजकुरात तो कुठेच नाही.

पान सपाट ठेवून, वरून, उजेडात पुन्हा फोटो मागवा. तारखेची ओळही त्यात येऊ द्या, पत्रात लेखाचा मथळा आणि तारीख द्यावी लागते. एक आणखी, मथळ्याशी भांडू नका. तो बहुतेक वेळा लेखक देत नाही, संपादन करणारे देतात. लेखकांनी स्वतः 'पर्याय नाही' असं कुठेच लिहिलेलं दिसत नाही.

निळी_शाई:
नवा फोटो आला. अंगठ्याखाली होतं: "नाही. काहींना हाताने लिहिताना खरी अडचण असते."
म्हणजे मी विसरलेत म्हणते तेच त्यांनी स्वतःहून लिहिलंय! पाठवलं असतं तर चांगलंच हसं झालं असतं. पण मग माझा मुद्दाच गेला की. आता काय लिहू?

जुनी_खिळेजुळणी:
गेला नाही, आता कुठे सुरू झालाय. ते म्हणतात, बंदी ठेवा आणि अडचण असलेल्यांना सूट द्या. आता ६० जणांचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. ५९ वह्या उघड्या आणि एकच लॅपटॉप. तो का उघडा आहे, हे पहिल्याच तासाला सगळ्यांना कळतं. सूट घेणं म्हणजे आपली अडचण वर्गभर जाहीर करणं. मग कितीतरी मुलं ती मागणारच नाहीत. हा मुद्दा लेखकांच्याच सवलतीतून निघतो, म्हणून त्यांनाही तो झटकून टाकता येणार नाही.

सुराचं म्हणाल तर 'नम्र विनंती' लिहून पत्र नम्र होत नाही. 'विसर पडला', 'भान ठेवावं' हे लेखकांच्या मनाबद्दल झालं, ते काढा. त्यांचं काय पटलं ते नेमकं सांगा. त्यात आदर आपोआप दिसतो.

अर्धविराम:
माझा अनुभव सांगते. मी असंच पत्र पाठवलं होतं. वर लेखाचा छान सारांश, खाली असहमती. जागा कमी पडली असावी, खालचा भाग कापला आणि वरचा छापला! ओळखीचे लोक अभिनंदन करत होते, की तुम्हीही त्याच मताच्या निघालात. तेव्हापासून मी असहमती दुसऱ्या वाक्यात आणते.

जुनी_खिळेजुळणी:
खरंय. कात्री बहुधा तळापासून चालते.

पुरावा_द्या:
सगळे मूळ मुद्दा सोडताय. लेख ज्या अभ्यासावर उभा आहे तो म्युलर आणि ओपनहायमर यांचा, २०१४ चा. वहीवाल्यांना संकल्पनांवरच्या प्रश्नांत जास्त गुण मिळाले, असा तो निष्कर्ष. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये इतरांनी तसेच प्रयोग पुन्हा केले. टंकणारे जास्त शब्द जसेच्या तसे उतरवतात हे पुन्हा दिसलं, पण गुणांतला तो ठळक फरक काही तसा दिसला नाही. पत्रात हेच लिहा, लेखाचा पायाच हलतो.

जुनी_खिळेजुळणी:
मुद्दा वजनदार आहे. पण २०० शब्दांत दोन्ही घातले तर दोन्ही अर्धवट राहतील. शिवाय लेखकांचा अर्धा भर अभ्यासावर नाहीच, शेजारच्याचा पडदा बघून लक्ष उडतं यावर आहे. तो मुद्दा तुमच्या दाखल्याने हलत नाही.

पुरावा_द्या:
मला नाही पटत. चुकीच्या आधारावर नियम होत असेल तर आधी ते सांगायला हवं. सवलतीचं नंतर.

निळी_शाई:
पुरावा_द्या, ते पत्र तुम्हीच लिहा, मी मनापासून वाचेन. माझं आता असं झालंय:

> 'वहीला पर्याय नाही' या लेखात वर्गात टिपणं हाताने काढण्याचा आग्रह आहे, आणि लिहिण्यात अडचण असलेल्यांना लॅपटॉपची सूटही आहे. आग्रहामागचं कारण मला पटतं, या सुटीबद्दल मात्र शंका आहे. हात मंद चालतो म्हणून ऐकताना निवड करावी लागते, हे लेखकांचं निरीक्षण माझ्याही अनुभवाचं आहे. पण साऱ्या वह्यांमध्ये एकच लॅपटॉप उघडा असेल, तर त्या विद्यार्थ्याची अडचण न सांगता सगळ्यांना कळते. माझ्या भाच्याला डिसग्राफिया आहे. अशी सूट तो मागणार नाही, गप्प बसून राहील. बंदीऐवजी लॅपटॉप वापरणाऱ्या सगळ्यांनाच मागच्या रांगांत बसवलं, तर इतरांचं लक्ष विचलित होणार नाही आणि कुणी एकटं उठूनही दिसणार नाही. यावर लेखकांचं मत वाचायला आवडेल.

जुनी_खिळेजुळणी:
हे वाचून लेखक 'हो, मी हेच म्हणालो' म्हणतील. सारांशाला मी तीच कसोटी लावतो. मजकूर मेलमध्येच चिकटवा, वेगळी फाइल जोडू नका. आणि दोन वर्तमानपत्रांना एकदम पाठवू नका.

अर्धविराम:
'सुटी'मुळे क्षणभर शाळेची सुट्टी डोळ्यांपुढे आली. 'सवलतीबद्दल' करा.
आणि एक विचारू का? पत्राखाली तुमचं पूर्ण नाव छापतील. भाचा म्हटल्यावर ओळखीच्यांना कोण ते कळेलच. त्याला विचारलंत?

निळी_शाई:
…नाही विचारलं. पत्र थांबवते. रात्री त्याला फोन करते.